टेकू कधी काढायचे?

आदिलाबादला आमचं बांधकामाचं लहानसं काम आहे. गेल्या वर्षी एका घराचा स्लॅब पडला, त्याच संध्याकाळी मालक काका म्हणाले, "२५ व्या दिवशी वास्तुशांत. रंगासकट घर द्या."

'जमणार नाही' ओठांवर आलं होतं. पण तेवढंच ऐकून काका 'जमतं' म्हणणारा दुसरा गाठतील, हे दिसत होतं. मग वही काढली. गाळा १५ फुटांहून मोठा, म्हणून स्लॅबखालचे टेकू १४ दिवस. मग गिलावा ६, त्यावर पाणी ७, भिंती सुकायला निदान १४, पुट्टी आणि रंग ६. झाले ४७. पाऊस आला तर आणखी.

"माणसं दुप्पट लावा!"

लावली, तर गिलावा आणि रंग ३-३ दिवसांत होतील. वाचले ६. बाकीचे ३५ दिवस सिमेंटचे, ते पैशानं हटत नाहीत. टेकू घाईनं काढले तर स्लॅब खाली झुकतो, ओल्या भिंतीवरचा रंग फुगून पोपडे निघतात.

"मग २५ व्या दिवशी काय देशील?"

"दिवाणखाना आणि देवघर. तेवढाच गिलावा ३ दिवसांत करतो, पाणी ७ दिवस. रंग आणि फरशी नाही. पूजा करा, राहायला नंतर या. सगळं घर एकदमच हवं, तर पुढचा मुहूर्त पाहा."

काकूंनी पूजा निवडली. त्या दिवशी पाहुण्यांनी रंगाचं विचारलं, तेव्हा ३५ दिवसांचा हिशेब काकाच समजावून सांगत होते.