दोन रकान्यांत न मावणारा विषय

ईदला भाचा नांदेडहून लातूरला आला तो ऑपरेटिंग सिस्टिमची वही घेऊनच. सुट्टी संपली की पेपर. "मामू, सेगमेंटेशन आणि पेजिंग यातला फरक पाठ झालाय, ऐका," म्हणाला. वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. सेगमेंटचा आकार बदलता, पेजचा ठरावीक. एकात बाहेरची जागा वाया जाते, दुसऱ्यात आतली. शेवटी चार ओळी 'एकत्रित पद्धती'वर: दोन्हींचे फायदे मिळतात. एवढ्यावर मार्कही मिळतात. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. या चार ओळींत काय घडते, हे त्याला एकदाही करून पाहायला लावले नव्हते.

मी सात-बाऱ्यापासून सुरुवात केली. गावातली शेते एकसारखी नसतात. प्रत्येक गटाचा नंबर वेगळा आणि क्षेत्र वेगळे. सेगमेंट तसाच असतो: कोड, डेटा, स्टॅक, ज्याला जेवढी गरज तेवढी लांबी. सेगमेंट टेबलमध्ये प्रत्येकापुढे दोन आकडे असतात. बेस म्हणजे तो मेमरीत कुठून सुरू होतो, आणि लिमिट म्हणजे त्याची लांबी. पेजिंग म्हणजे शहराबाहेरचा ले-आउट: सगळे प्लॉट एकाच मापाचे. त्यावर घर आहे की दुकान, याच्याशी आखणाऱ्याला देणेघेणे नाही.

मग त्याला एक गणित घातले. डेटा सेगमेंट 9500 बाइटांचा आहे आणि पेज 4096 बाइटांचे. म्हणजे या सेगमेंटला तीन पेज लागतील. त्याच्या पेज टेबलात पेज 0, 1 आणि 2 साठी अनुक्रमे फ्रेम 7, 3 आणि 12 लिहिल्या आहेत. प्रोग्रॅमने या सेगमेंटमधला ऑफसेट 9000 मागितला. आता काय होईल?

भाच्याने थेट भागाकार सुरू केला. मी थांबवले. आधी लिमिट बघायचे. 9000 हे 9500 पेक्षा कमी आहे, म्हणून पुढे जायचे. (9500 चालले नसते, मोजणी शून्यापासून असल्याने शेवटचा वैध ऑफसेट 9499.) आता 9000 ला 4096 ने भागले की पेज 2 आणि उरले 808. पेज 2 फ्रेम 12 मध्ये आहे. 12 गुणिले 4096 म्हणजे 49152, त्यात 808 मिळवले की फिजिकल ॲड्रेस 49960.

"आता 10000 माग," मी म्हणालो. 10000 हे 9500 पेक्षा जास्त, म्हणून तिथेच ट्रॅप. पण लिमिटची पायरी काढून टाक. 10000 सुद्धा पेज 2 मध्येच पडतो, 1808 वर. नुसते पेजिंग असते तर 50960 हा पत्ता बिनतक्रार मिळाला असता, कारण तिसरे पेज 12287 पर्यंत जाते. शेवटचे 2788 बाइट कोणाचेच नाहीत, तरी कुंपण नाही. भाचा वहीकडे बघत राहिला. 'आतली जागा वाया जाते' या पाठ केलेल्या वाक्यात राखणीचाही प्रश्न दडलेला आहे, हे त्याला तेव्हा दिसले.

हे आजच्या मशीनवरही दिसते. 1985 च्या इंटेल 80386 मध्ये आधी सेगमेंट आणि मग पेजिंग असा क्रम होता, पण मल्टिक्सहून वेगळा. मल्टिक्समध्ये प्रत्येक सेगमेंटला स्वतःचे पेज टेबल होते, आमच्या गणितासारखे. 80386 मध्ये बेस अधिक ऑफसेट करून एक सलग पत्ता निघतो आणि तो सगळ्यांच्या सामाईक पेज टेबलांतून जातो. लिनक्सने कोड आणि डेटाच्या सेगमेंटचा बेस शून्य आणि लिमिट पूर्ण 4 जीबी ठेवून ही पायरी जवळपास नावापुरती केली. 64 बिट मोडमध्ये तर प्रोसेसर कोड, डेटा आणि स्टॅक या सेगमेंटचे लिमिट तपासतच नाही. म्हणून हा प्रोग्रॅम चालवून बघा:

```c
int *p = malloc(100);
p[30] = 5;
p[100000000] = 5;
```

100 बाइटांत चार बाइटांचे पंचवीस `int` बसतात. `p[30]` कुंपणाबाहेर आहे, तरी बहुतेक वेळा काहीच तक्रार येत नाही, कारण ते पेज आपल्या नावावर आहे. चूक शांतपणे दुसऱ्याचा डेटा बिघडवते. शेवटची ओळ खूप लांब जाते, तिथे सहसा पेजच नसते, आणि पडद्यावर `Segmentation fault` येते. नाव सेगमेंटचे, पकडले पेज टेबलाने.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. 'फरक स्पष्ट करा' ऐवजी एक सेगमेंट टेबल, एक पेज टेबल आणि तीन पत्ते द्या. त्यातला एक पत्ता लिमिटच्या बाहेर पण पेजच्या आत असू द्या. जो विद्यार्थी तिथे थांबून ट्रॅप लिहील, त्याला विषय समजला.

भाचा परत जाताना त्याने एसटीत बसून मला असेच एक गणित पाठवले. उत्तर चुकले होते. लिमिटइतकाच ऑफसेट त्याने चालवून घेतला होता. पण या वेळी चूक कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता आले.