घाबरून हिरवं बटण दाबू नका
चाकूर शहर व तालुक्यातल्या मोबाईल वापरणाऱ्या सर्व नागरिकांसाठी



मोबाईलवर ॲप उघडायला जावं आणि आपलं काम दिसायच्या जागी नव्या अटींचं पान पुढं यावं, हे आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत असतो आणि खाली एक ठळक बटण असतं. मोंढ्यात सोयाबीनचा आजचा भाव काय निघाला ते बघायचं असतं, पोराच्या शाळेचा निरोप बघायचा असतो, दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं. अशा घाईत माणूस बटण दाबून मोकळा होतो. कारण मनात एकच धास्ती असते: नाही दाबलं तर खातं बंद पडेल.

ही धास्ती किती खरी आणि किती मुद्दाम घातलेली, हे व्हॉट्सॲपच्या २०२१ सालच्या प्रकरणातून स्वच्छ कळतं. म्हणून ते प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप उघडल्यावर एक पान समोर येऊ लागलं. कंपनी आपल्या अटी आणि गोपनीयता धोरण बदलते आहे, असं वर लिहिलं होतं. त्याखाली तीन ओळी होत्या: तुमच्या माहितीवर कंपनी काय प्रक्रिया करते, व्यापारी लोक आपले व्हॉट्सॲप संवाद फेसबुकच्या यंत्रणेवर कसे ठेवू शकतात, आणि फेसबुकच्या इतर सेवांशी व्हॉट्सॲपची जोड कशी असेल. मग तारीख होती, ८ फेब्रुवारी २०२१. त्या तारखेनंतर व्हॉट्सॲप वापरायचं तर नव्या अटी मान्य कराव्याच लागतील, असं तिथंच बजावलेलं होतं. खाली हिरव्या पट्टीत AGREE, आणि तिच्याजवळ साध्या अक्षरांत NOT NOW. ज्याला अटी पटत नसतील त्यानं खातं काढून टाकण्याची माहिती मदत केंद्रात बघावी, असंही एक वाक्य होतं.

आता त्या पानावर काय नव्हतं ते बघा. ८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी नेमकं काय होईल, हे कुठंच नव्हतं. खातं पुसलं जाईल का, जुने संदेश राहतील का, गटातून नाव निघेल का, फोन आला तर वाजेल का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथं नव्हतं. माणसाला सही करायला सांगायची, पण सही न केल्यास काय होईल ते सांगायचं नाही, हा दबाव आहे. आमचा पहिला आक्षेप अटींवर नाही, या लपवाछपवीवर आहे.

देशभर ओरड झाली तेव्हा १५ जानेवारीला कंपनीनं मुदत १५ मे पर्यंत वाढवली. मे महिना आला आणि खरी उत्तरं हळूहळू बाहेर पडली. १५ मे ला कुणाचंही खातं पुसलं जाणार नाही, हे कंपनीनं तेव्हा सांगितलं. त्याऐवजी काय होणार होतं, तेही तिनंच लिहून ठेवलं होतं.

वडवळ नागनाथच्या एखाद्या शेतकऱ्याचं उदाहरण धरू. त्यानं बटण दाबलं नाही. पहिले काही आठवडे त्याला फक्त आठवण येत राहिली असती, पान पुढं आलं की बाजूला सारायचं आणि काम करायचं. पुढच्या टप्प्यात ती आठवण कायम समोर ठाण मांडून बसली असती आणि संवादांची यादीच उघडली नसती. तरीही आडतदाराचा आलेला फोन त्याला उचलता आला असता. वर सूचना आली की तिच्यावर बोट ठेवून संदेश वाचता आणि उत्तर देता आलं असतं. आणखी काही आठवड्यांनी मात्र फोनही नाही आणि सूचनाही नाही, अशी अवस्था आली असती. एवढं होऊनही खातं पुसलं गेलं नसतंच. त्याला वेगळा, जुनाच नियम लागू होता: साधारण १२० दिवस खातं व्हॉट्सॲपला जोडलंच गेलं नाही, तर ते निष्क्रिय समजून काढून टाकतात.

म्हणजे गळा एकदम दाबायचा नाही, हळूहळू आवळायचा, आणि माणूस स्वतःहून बटण दाबेल याची वाट बघायची. पण एवढंही घडलं नाही. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं १८ मे ला कंपनीला पत्र लिहून धोरण मागं घ्यायला सांगितलं. २२ मे ला कंपनीनं सरकारला लेखी कळवलं की अटी न स्वीकारणाऱ्यांच्या सोयी ती कमी करणार नाही. जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिच्या वकिलांनी हीच भूमिका मांडली. ज्यांनी त्या काळात NOT NOW वर बोट ठेवलं, त्यांचं खातं चालूच राहिलं. ज्यांनी घाबरून हिरवी पट्टी दाबली, त्यांनी विनाकारण दाबली.

ही बातमी आपल्यापर्यंत किती पोहोचली? धमकी प्रत्येकाच्या मोबाईलवर, अगदी तळहातावर आली होती. माघार मात्र पत्रव्यवहारात आणि कोर्टाच्या कागदांत राहिली. अखेर १ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कंपनीला हुकूम दिला की सरकारला दिलेली ही हमी पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत दोन वेळा पानभर जाहिरात देऊन लोकांना सांगा. धमकी द्यायला जी जागा वापरली, तीच जागा माघार सांगायला का वापरली नाही, हा आमचा दुसरा आक्षेप आहे, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

याच धोरणाची भारतीय स्पर्धा आयोगानं २०२१ मध्ये स्वतःहून चौकशी लावली होती. १८ नोव्हेंबर २०२४ ला आयोगानं निकाल दिला: घ्यायचं तर घ्या नाहीतर जा, अशी अट लोकांवर लादणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे. मालक कंपनी मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड झाला. व्हॉट्सॲपच्या सेवेसाठी लागत नाही अशी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याची संमती, ही भारतात व्हॉट्सॲप वापरण्याची अट ठेवता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं जाहिरातीसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी रद्द केली, पण दंड कायम ठेवला.

आयोगाच्या म्हणण्यातला गाभा चाकूरच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सगळा मोंढा, सगळी शाळा, सगळे पाहुणे एकाच ॲपवर असतील तर तिथून उठून जाणार कुठं? दुसरं ॲप फुकट मिळतं, पण तिथं आपला आडतदार नसतो. जाता येत नाही अशा ठिकाणी घेतलेला होकार मोकळ्या मनाचा होकार धरता येत नाही.

हे सगळं आज पुन्हा का सांगायचं, तर अशी पानं आता वाढणार आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. कायदा म्हणतो की संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि बिनशर्त असली पाहिजे. संमती मागणारा मजकूर सोप्या भाषेत हवा, आणि तो इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. आपली मराठी त्या अनुसूचीत आहे. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपनं फोनमधली संपर्क यादी मागितली आणि बाईनं हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्यानं तो होकार यादीपुरता धरला जाणार नाही.

पण त्याच कायद्यात एक खाच आहे. कायदा लागू होण्याआधी ज्यांनी संमती दिली, त्यांना कंपनीनं नव्यानं नोटीस पाठवायची आहे. मात्र तो माणूस संमती मागं घेत नाही तोवर तिला माहिती वापरत राहता येईल. म्हणजे आज घाईत दाबलेलं बटण उद्याही मोजलं जाणार. संमती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागं घेता आली पाहिजे, हा हक्क आहे. पण मागं घेतल्यावर होणारे परिणाम आपल्यालाच सोसायचे आहेत, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणून आधीच थांबलेलं बरं.

थांबायचं म्हणजे काय करायचं? पान आलं की आधी तारीख शोधा आणि NOT NOW, Later किंवा कोपऱ्यातली फुली आहे का ते बघा. ती असेल तर आज काहीच बंद होत नाही. मुदतीपर्यंतचा वेळ तुमचा आहे. त्या वेळात महत्त्वाचे संवाद बाहेर काढून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये संवाद उघडून तीन टिंबं, More, Export chat असा रस्ता आहे. कंपनीकडं तुमच्या खात्याची काय माहिती आहे ते Request account info मधून मागवता येतं. अहवाल यायला साधारण तीन दिवस लागतात, आणि त्यात संदेश नसतात. हिशेबाचे, उधारीचे, जमिनीच्या कागदांचे फोटो अशा ॲपवर एकाच जागी ठेवू नका.

रागाच्या भरात Delete account मात्र दाबू नका. त्यानं खातं, जुने संदेश आणि गटांतलं नाव, सगळं जातं, आणि परत नवं खातं काढताना त्याच नव्या अटी मान्य कराव्या लागतात. २०२१ मध्ये नव्यानं आलेल्यांना ही सवलत नव्हतीच. थांबायची मुभा जुन्या खातेदारांनाच होती.

प्रत्येक ॲप व्हॉट्सॲपसारखं माघार घेईल असंही नाही. काही ॲप खरोखरच दार लावून घेतात. अशा वेळी मुदतीआधी आपली माहिती काढून घेणं एवढंच हातात राहतं. अटींचं खरं पान ॲपच्या आतच उघडतं. ते ओटीपी मागत नाही आणि कुठली फाईल बसवायला सांगत नाही. ‘नव्या अटी मान्य करा नाहीतर खातं बंद’ असा संदेश लिंक घेऊन आला, तर तो चोरांचा समजा.

कंपन्यांकडं आमची मागणी एवढीच: होकाराच्या बटणाजवळच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत लिहा की नाही म्हटल्यास खात्याचं काय होईल आणि किती दिवसांनी होईल. आणि धोरणातून माघार घेतली तर तीही त्याच पानावर सांगा.

दुसरी मागणी आपल्या घरच्यांकडं आहे. तालुक्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी आणि मोंढ्यातले आडतदार यांनी लोकांना द्यायचा कोणताही निरोप फक्त व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. भाव फळ्यावरही लिहावा, शाळेची सूचना वहीतूनही घरी जावी, पाणी सुटायची वेळ नोटीस बोर्डावरही लागावी. येत्या ग्रामसभेत आणि पालक सभेत हा ठराव मांडा. मांडणाऱ्याला अनुमोदन द्यायला आम्ही येऊ.

— चाकूर तालुक्यातले काही मोबाईलधारक नागरिक

(वाचून झाल्यावर पत्रक शेजाऱ्याला द्यावे.)