फुटलेलं मेयोनीज

सँडविचसाठी मेयोनीज घोटता घोटता ते पातळ झालं, वर तेल तरंगू लागलं, तर फेकू नका हं! तेल फक्त वेगळं झालंय.

अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं. त्याचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. घोटताना तेलाचे बारीक थेंब होतात आणि लेसिथिन प्रत्येक थेंबाभोवती कडं करतं. तेल एकदम ओतलंत तर मोठाले थेंब मोडण्याआधीच एकमेकांत मिसळतात. कडं करायला सवडच मिळत नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन चमचे थेंब थेंब घालायचे, घट्टपणा आला की बारीक धार.

फुटलंच तर? जुन्या भांड्यात नुसतं जोरजोरात घोटून सहसा काही होत नाही. स्वच्छ भांड्यात नवा बलक आणि चमचाभर पाणी घ्या. फुटलेलं मिश्रण त्यात आधी थेंब थेंब, मग चमचा चमचा घालून घोटत राहा. कडेला तेल चमकलं की घालणं थांबवा, आधी घोटा. चमच्यावरून ते चटकन ओघळत नसेल, तर जमलं!

मात्र यात अंडं कच्चं असतं. बल्लारपूरच्या मे महिन्यात ते ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. धाकट्या भावंडांना तर देऊच नका.