सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच भाषण : दोष कुणाचा, दुरुस्ती कशी?

गेल्या काही वर्षांत आपल्या चळवळीतली पोरं-पोरी कथा-कादंबऱ्या लिहू लागली आहेत. सालेकसा, देवरी, आमगावकडची हस्तलिखितं आमच्याकडेही वाचायला येतात. त्यांवर शहरातल्या संपादकाचा एक शेरा ठरलेला असतो : 'सगळी पात्रं सारखीच बोलतात.' शेरा बहुतेक वेळा खरा असतो. पण त्यासोबत जो उपाय सुचवला जातो, 'गावातल्या पात्रांना थोडी बोली द्या', त्याला आमचा ठाम विरोध आहे. हा उपाय रोग बरा करत नाही, वर आणखी एक रोग लावतो.

एक उदाहरण घेऊ. एका हस्तलिखितात ग्रामसभेचा प्रसंग आहे. वनहक्काच्या दाव्यांची छाननी चालली आहे. पात्रं चार : बौद्ध शेतकरी बाई सकूबाई, तिचा बी.ए. झालेला मुलगा मिलिंद, शेजारच्या तुकड्याचा गोंड शेतकरी सोमाजी आणि वन हक्क समितीचा सचिव. लेखकाने लिहिलं होतं ते असं :

"कायद्याने दिलेला हक्क हिरावण्याचा अधिकार व्यवस्थेला नाही."
"जल, जंगल, जमीन हा आमचा हक्क व्यवस्था नाकारू शकत नाही."
"व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या आमचे शोषण केले आहे."
"व्यवस्थेला नियमानुसारच हक्क देता येतो."

आम्ही मुद्दाम नावं काढली आहेत. कोण काय बोललं, ओळखा पाहू! सकूबाई कोणती, सोमाजी कोणता? 'व्यवस्था' हा शब्द चौघांच्याही तोंडी आहे, कारण तो लेखकाचा शब्द आहे. नावं झाकून वाचण्याची ही पहिली परीक्षा कोणालाही घरी करता येते.

असं का होतं? आपल्या लेखकाने प्रमाण मराठी शाळेत, पत्रकांत आणि सभेत कमावली. त्याच्या घरच्या बोलीला वर्गात हसलं गेलं. म्हणून आपल्या आईला कथेत आणताना तो तिला सन्मानाची, म्हणजे भाषणाची भाषा देतो. हे कारण आम्हाला समजतं, त्याची टिंगल करणाऱ्यांसोबत आम्ही नाही. पण परिणाम असा होतो की आई कथेतून निघून जाते आणि तिच्या जागी लेखकच उभा राहतो.

आता शहरी उपाय लावून पाहा. "कायद्यानं देल्लेला हक हिरावाचा अधिकार व्यवस्थेले नाई." हे भाषणच आहे, फक्त क्रियापदांना माती लावली. त्याहून वाईट म्हणजे ही बोली सकूबाई आणि सोमाजीलाच मिळते. सचिव प्रमाण मराठीतच राहतो. तो सचिव काय पुण्याहून आला? त्याच गावात वाढलेला माणूस घरी 'पुरावा लागते' असंच बोलतो. कुणाचे उच्चार कागदावर उतरवायचे आणि कुणाचे धुऊन घ्यायचे, हे ठरवताना संपादक न बोलता उतरंड छापत असतो.

शिवाय आपल्या भागात 'बोली' एक नाही. झाडीबोली आहे, पोवारांच्या घरी पोवारी आहे, गोंडांच्या घरी गोंडी आहे, सीमेपलीकडून छत्तीसगढी येते, बाजारात हिंदी चालते. एकच सोमाजी घरी, बाजारात आणि ग्रामसभेत तीन तऱ्हेनं बोलेल. म्हणजे आवाज जातीला चिकटवायची चिठ्ठी नाही. समोर कोण आहे आणि त्याच्याकडून काय हवं आहे, यावर तो ठरतो.

चांगला संपादक काय करेल? प्रत्येक पात्राची वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून सलग वाचेल. मग प्रत्येक कागदावर तीन प्रश्न लिहील : याला या बैठकीतून काय हवं? हा कुणाला दबून आहे? कोणती गोष्ट हा तोंडावर आणणार नाही?

उत्तरं या प्रसंगातच पडलेली आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात सोमाजी अनुसूचित जमातीचा, त्यामुळे त्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. सकूबाई 'इतर पारंपरिक वननिवासी', तिला त्याआधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करायचं आहे. तिच्याकडे कागद तोकडे. पण 2008 च्या नियमांतल्या 13 व्या नियमाप्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. म्हणजे सकूबाईला सोमाजीचा जबाब हवा आहे! आणि दोघांचा बांध एकच असल्यामुळे सोमाजीला भीती आहे की जबाब दिला तर उद्या हद्द सरकेल. हे कळल्यावर सकूबाई भाषण करेल का? ती गळ घालेल. सोमाजी टाळेल. सचिव कर्ता नसलेली वाक्यं बोलेल, म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. मिलिंद आईचं बोलणं अर्ध्यात तोडून कायदा सांगेल.

सचिव : "तीन पिढ्यांचा पुरावा लागते. वरून तसंच आलं आहे."
सकूबाई : "सोमाजी, बांधावरचा आंबा कोनं लावला गा?"
सोमाजी : "होता. पहिलेपासून होता."
सकूबाई : "लावला कोनं, ते सांग."
मिलिंद : "माय, आंब्याचं सोड. नियम तेरामध्ये जबाब चालतो. काका, तुम्ही फक्त एवढं सांगा की..."
सोमाजी : "मी सही करत नाई."
सचिव : "जबाब लेखी पाहिजे."

आता नावं झाका. चौघंही ओळखू येतात. बोलीच्या खुणा मोजक्याच आहेत, सचिवालाही एक मिळाली आहे. तिथे मिलिंद सोमाजीला 'जय सेवा काका' म्हणतो की 'जय भीम', एवढ्या एका शब्दानेही त्याचा हेतू उघडा पडेल.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक पात्राला एकेक पालुपद चिकटवलं की आवाज वेगळा होतो, हा भ्रम आहे. ते तमाशातलं सोंग होतं. आणि माय-लेकाचे काही शब्द सारखे असणारच, एका चुलीवरचे आहेत. ते पुसू नका. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (1960) कौतिक आणि महादेव दोघंही वऱ्हाडीच बोलतात, तरी राबणारी कोण आणि जबाबदारी टाळणारा कोण, हे बोलण्यातून कळतं.

काही मित्र म्हणतील, 'आमचं साहित्य चळवळीचं आहे, विचार सुटला तर उरलं काय?' त्यांना आम्ही जोतीरावांकडे पाठवतो. 1855 च्या 'तृतीय रत्न'मध्ये जोशी ब्राह्मणशाहीवर व्याख्यान देत नाही. तो गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो, कारण त्याला दक्षिणा हवी आहे. उघड टीका विदूषक करतो. जोतीरावांएवढा प्रचारक कोण होता? तरी त्यांनी जोशाला जोशाचंच तोंड दिलं, म्हणून तर त्याची लबाडी दिसते.

सचिवाच्या तोंडी 'व्यवस्था' हा शब्द घालून व्यवस्था दिसत नाही. 'वरून तसंच आलं आहे' या वाक्यात ती दिसते. तेव्हा संपादकांनो, आमच्या पोरांच्या हस्तलिखितावर 'बोली घाला' एवढं लिहून परत पाठवू नका. पात्रागणिक वाक्यं उतरवलेला कागद आणि ते तीन प्रश्न सोबत द्या. आणि लेखकांनो, सुधारलेला प्रसंग छापायला देण्याआधी आपल्याच गावातल्या एखाद्या सकूबाईला मोठ्याने वाचून दाखवा. कुठलं वाक्य तिचं नाही, ते ती लगेच सांगेल.