बाळ आले आणि थोरलीची शू पुन्हा कपड्यांत

घरात धाकटे बाळ आले की कालपर्यंत वेळेवर संडासला जाणारे तीन-चार वर्षांचे थोरले मूल पुन्हा कपड्यांत शू करू लागते. हे अनेक घरांत घडते आणि मुलाला धीर मिळाला तर बहुधा काही आठवड्यांत सावरते. ते महिनोन् महिने लांबते तेव्हा कारण बरेचदा बाळ नसते, आपली बोलणी असतात. ती बोलणी मुलाच्या मनावर तर होतातच, पोटावरही होतात. ते कसे, हे आम्हाला आलेल्या एका पत्रावरून पाहू.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीची मुलगी सव्वातीन वर्षांची. आठ महिने ती दिवसा पूर्ण कोरडी राहत होती. बाळंतपण माहेरी झाले, चाळीस दिवसांनी माय-लेकरे सासरी परतली आणि तिसऱ्या दिवसापासून थोरलीचे कपडे दिवसातून दोन-तीनदा ओले होऊ लागले. दादी म्हणाल्या, "एवढी मोठी झाली, लाज नाही वाटत?" चुलत भावंडे हसू लागली. अम्मीची नमाज नुकतीच पुन्हा सुरू झाली होती, त्यात एकदा जानमाज ओली झाली, तेव्हा तिच्याही तोंडून निघाले, "सगळं घर नापाक केलंस!" त्यानंतर मुलगी दाराआड जाऊन, पाय आवळून उभी राहू लागली. शी चार-चार दिवस होईना आणि चड्डीला मात्र रोज डाग. पत्रात विचारले होते, "ही मुद्दाम करते का?"

नाही, मुद्दाम नाही. सुरुवातीची शू समजण्यासारखी होती. शूची कळ आली की ही मुलगी अम्मीला हाक मारायची, कारण सलवारीची नाडी तिला एकटीला सुटत नव्हती. आता हाक मारावी तेव्हा अम्मी बाळाला पाजत असे. शिवाय ओल्या दुपट्यातल्या बाळाला सगळे हसून उचलतात, हेही ती पाहत होती.

पुढचे मात्र बोलण्यांमुळे झाले. शी लपवायची म्हणून मूल ती रोखून धरते. रोखलेली शी आतड्यात कोरडी आणि कडक होते, करताना दुखते आणि दुखले म्हणून मूल आणखी रोखते. पाय आवळून उभे राहणे म्हणजे करण्याचा प्रयत्न नव्हे, रोखण्याचा. साठलेल्या शीने गुदाशय ताणला जातो आणि कळ येणेच मंदावते. मग कडक शीच्या बाजूने पातळ शी झिरपते आणि मुलाला ते कळतही नाही. घरच्यांना वाटते जुलाब झाले किंवा पोर आळशी झाली. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो, म्हणून शूही वारंवार आणि अचानक होते. या अवस्थेत रागावणे म्हणजे दुखणे वाढवणे. तेव्हा डाग दिसले की आधी शी किती दिवसांनी होते आणि कडक होते का, हे पाहावे.

या मुलीला बालरोगतज्ज्ञांनी शी मऊ करणारे औषध दिले आणि शी रोज होऊ लागल्यावरही ते काही आठवडे बंद करू नका, असे बजावले. पालक इथेच चुकतात. चार दिवस बरे गेले की औषध थांबवतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. जोडीला दिवसभरातले दूध कमी करून पाणी वाढवले. खारी-बिस्किटांऐवजी भाकरी, डाळ, पपई आणि भिजवलेल्या मनुका सुरू केल्या.

बाकीचे काम घराने केले. नाडीची सलवार गेली, इलॅस्टिकची चड्डी आली. संडासचा दिवा मुलीच्या हाताला लागत नव्हता, तो दिवसाही चालू ठेवला. भारतीय संडासच्या भोकाची तिला भीती वाटत होती, म्हणून बाजूला लहान पॉटी ठेवली. पाय जमिनीला नीट टेकले की जोर लावणे सोपे जाते. जेवणानंतर आतडे हालचाल करते, म्हणून नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-पाच मिनिटे बसायचे, झाले तर झाले, नाही तर उठायचे. बाळाला पाजायला घेण्याआधी अम्मी म्हणायची, "चल, आधी तुझी शू, मग बाळाचं दूध." संध्याकाळी अब्बांनी रोज पंधरा मिनिटे फक्त थोरलीसाठी ठेवली, कपडे कोरडे असोत वा ओले.

कपडे ओले झाले की काय म्हणायचे, हेही घराने ठरवून घेतले. "शू झाली का? चल, बदलू." एवढेच. ओली चड्डी बादलीत टाकायचे काम मुलीचे, पण शिक्षा म्हणून नव्हे, हात धुण्यासारखी सवय म्हणून. "बाळ तरी बरं" हे वाक्य बंद, पाहुण्यांना सांगणे बंद. दादींना हे सुनेने नव्हे, मुलाने समजावले, म्हणून वाद झाला नाही.

पाकीचा प्रश्न उरतो आणि आपल्या घरांत तो खरा आहे. नमाजसाठी कपडे आणि जागा पाक हवी, हे खरेच. पण नापाक होते ते कापड आणि फरशी, मूल नव्हे. सहीह बुखारी व मुस्लिममध्ये प्रसंग आहे: एक बद्दू मशिदीतच लघवी करू लागला. सहाबा त्याला अडवायला धावले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवले, त्याचे होऊ दिले आणि मग त्या जागेवर पाण्याची बादली ओतायला सांगितली. तो तर मोठा माणूस होता. आपले मूल तीन वर्षांचे आहे आणि नमाजची ताकीदसुद्धा सातव्या वर्षापासून आहे. तेव्हा जानमाज आणि नमाजचा ओढणी-जोडा उंचावर ठेवावा, गादीवर रबराची चादर घालावी आणि धुण्याची पद्धत आपापल्या मसलकाप्रमाणे पाळावी. "हे कापड धुवायला हवं" म्हणावे. "तू नापाक" म्हणू नये.

या घरी शू तीन आठवड्यांत कमी झाली, शीला मात्र जवळजवळ तीन महिने लागले. असेच होते. शू लवकर सावरते, दुखण्याची भीती हळूहळू जाते. रात्रीची शू यात धरू नये. पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली होणे आजार मानत नाहीत.

मात्र काही लक्षणांत वाट पाहू नये. शू करताना जळजळ, ताप, शूला नेहमीपेक्षा उग्र वास, शीत रक्त किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर डॉक्टरांकडे जावे. मूल सतत पाणी मागत असेल, भरपूर शू करत असेल आणि बारीक होत चालले असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी.

आणि घरात बाळ यायला महिना-दोन महिनेच उरले असतील व थोरल्याचे डायपर अजून सुटलेले नसेल, तर आत्ता घाई करू नये. बाळ येऊन घर स्थिरावले की सुरुवात करावी. दोनदा शिकवण्यापेक्षा एकदा उशिरा शिकवणे सोपे जाते.