अनामत ही कमाई नव्हे

गेल्या एप्रिलमध्ये बारावीची परीक्षा देऊन एक मुलगी सामान बांधून आमच्या वसतिगृहाच्या ऑफिसात आली. तिचे अब्बा एस.टी. स्टँडवर थांबले होते. तिला तिची तीन हजारांची अनामत हवी होती, कारण तेच पैसे नर्सिंगच्या प्रवेशासाठी भरायचे होते. रेक्टर आपांनी आम्हाला फोन केला आणि आम्ही खात्यात पाहिले, तर तिथे अकराशे रुपये होते. मुलींच्या अनामतीतून आम्ही पावसाळ्याआधी बोअरची मोटार बदलली होती. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने खिशातून पैसे दिले. पण त्या महिन्यात अजून चौदा मुली जायच्या होत्या.

त्यानंतर आम्ही जुने अंदाजपत्रक पुन्हा उघडले. चाळीस मुली, महिना 4,000 रुपये फी, जून ते मार्च असे दहा महिने, म्हणून 16 लाख. त्यात चाळीस जणींची अनामत 1 लाख 20 हजार मिळवून जमा 17 लाख 20 हजार. खर्चात पगार 6 लाख 40 हजार, जेवणाचा शिधा 7 लाख 20 हजार, लाइट, गॅस व टँकर मिळून 2 लाख, आणि दुरुस्ती 60 हजार. एकूण 16 लाख 20 हजार, म्हणजे एक लाख शिल्लक! बैठकीत सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटले होते.

यात तीन चुका होत्या. पहिली अनामतीची. ती आपल्या खात्यात असली तरी मुलीचीच असते. वहीत ती उत्पन्नात नव्हे, देण्याच्या बाजूला लिहायची. दुसरी चूक पगाराची. रेक्टर, स्वयंपाकाच्या दोन मावश्या, चौकीदार, सफाईवाली आणि रात्रीच्या सोबतीची बाई यांचा महिन्याचा पगार 64 हजार होतो. फी दहा महिने येते, पण पगार बारा महिने द्यावा लागतो. सुट्टीत मावशींना घरी बसवले, तर जूनमध्ये त्या परत येतीलच असे नाही. दोन महिन्यांचे 1 लाख 28 हजार आम्ही धरलेच नव्हते.

तिसरी चूक सर्वांत मोठी आणि नेकनीयतीने झालेली. चौदा मुलींना आम्ही अर्धी फी माफ केली होती, पण अंदाजपत्रकात फी पूर्ण धरली होती. चौदा मुली, दोन हजार, दहा महिने: 2 लाख 80 हजार. तिन्ही रकमा वजा केल्यावर एक लाखाच्या शिल्लकीची 4 लाख 28 हजारांची तूट झाली. शिवाय खाट रिकामी राहिली की शिधा महिना 1,800 चा वाचतो, पण फी 4,000 ची जाते. बाकी खर्च तसाच चालू राहतो.

आता सवलत आम्ही फीतून गुपचूप वजा करत नाही. फी पूर्ण लिहितो, सवलत वेगळ्या ओळीत दाखवतो आणि ती कुठून भरली जाईल ते शेजारी लिहितो. चौदापैकी नऊ मुली जकातीस पात्र निघाल्या, त्यांचे 1 लाख 80 हजार जकातीतून. हनफी मसलकात जकात हकदाराच्या मालकीची करावी लागते, म्हणून ती रक्कम मुलीच्या किंवा तिच्या पालकांच्या हाती दिली जाते आणि ते फी भरून पावती घेतात. मावशींचा पगार किंवा लाइट बिल आम्ही जकातीतून देत नाही. हे आलिमांना विचारून ठरवले. उरलेल्या पाच जणी अडचणीत होत्या, पण जकातीच्या शर्तीत बसत नव्हत्या. एक सय्यद घराण्यातली, दोघींच्या घरी निसाबाहून जास्त सोने. त्यांचे एक लाख लिल्लाहच्या देणग्यांतून. जकात रमजानमध्ये येते आणि फी जूनपासून लागते, म्हणून ती तोवर वेगळी ठेवावी लागते. हा मोह आम्ही ओळखून आहोत.

उरली 1 लाख 48 हजारांची तूट. सवलत नसलेल्या सव्वीस मुलींची फी महिना 300 रुपयांनी वाढवली. त्यातून 78 हजार येतील. एका अम्मीने विचारले, ही वाढ गरिबांच्या सवलतीसाठी का? आम्ही तिला पगाराचा कागद दाखवला. राहिलेले 70 हजार तूट म्हणूनच लिहिले आणि मोठ्याने वाचले. धर्मादाय कार्यालयाला अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी द्यायचे असते, त्यामुळे ही चर्चा फेब्रुवारीतच उरकावी लागली.

अनामतीसाठी वेगळे बचत खाते उघडले, दोन सह्यांचे. मोडलेल्या खिडकीचे किंवा हरवलेल्या किल्लीचे पैसे कापायचे झाले, तर मुलीची सही घेऊनच. यंदाच्या एप्रिलमध्ये सोळा मुली गेल्या. सोळा जणींच्या 48 हजारांचा हिशेब त्यांनी खोलीची किल्ली दिली त्याच दिवशी चुकता केला. दुरुस्तीसाठी 350 रुपये एकीचेच कापले. बोअरची मोटार मात्र पुन्हा कुरकुरते आहे, आणि ते पैसे त्या सत्तर हजारांत धरलेले नाहीत.