क्रॅश झालं? आधी हात कीबोर्डवरून काढा!

सबमिशनच्या आदल्या रात्री एडिटिंगचं सॉफ्टवेअर पांढरं पडतं, 'Not Responding' दिसतं आणि खिडकी गायब होते. त्यानंतर आपण काय करतो? घाईघाईने प्रोग्रॅम परत उघडतो, समोर येईल ते मान्य करतो, जुनंपानं का होईना काहीतरी दिसलं म्हणून सवयीने कंट्रोल-एस दाबतो. माझं स्पष्ट मत आहे की पॉडकास्ट आणि गाण्यांची बरीचशी प्रोजेक्ट्स क्रॅशमुळे जात नाहीत. ती क्रॅशनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, आपल्याच हाताने जातात.

हे पटण्यासाठी सेशन फाइल म्हणजे नक्की काय, ते बघायला हवं. अनेक विद्यार्थी वापरतात तो रीपर हा प्रोग्रॅम घेऊ. त्यात तुमचा आवाज वेगळ्या WAV फाइल्समध्ये असतो. प्रोजेक्टची .rpp फाइल ही फक्त सूचनांची यादी असते आणि ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यातला एक तुकडा, बाकीच्या ओळी गाळून, असा दिसतो:

```
<ITEM
  POSITION 95.2
  LENGTH 41.7
  SOFFS 612.4
  <SOURCE WAVE
    FILE "audio\aaji-01.wav"
  >
>
```

याचा अर्थ एवढाच: एपिसोडच्या 95.2 व्या सेकंदाला aaji-01.wav ही फाइल तिच्या 612.4 व्या सेकंदापासून 41.7 सेकंद वाजवा. तुम्ही चार तास केलेलं कटिंग म्हणजे अशा काही शे सूचना. क्रॅश होतो तेव्हा धोक्यात येते ती ही यादी. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा डिस्कवर शाबूत असतं. यादी पुन्हा करता येते, तिच्या जुन्या प्रतीही ठेवता येतात. आवाज पुन्हा मिळत नाही.

माझ्या ओळखीच्या मास मीडियाच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. गिरणगावात खानावळ चालवलेल्या आपल्या आजीची तिने चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली होती. 1982 च्या संपात जेवणाचे पैसे थकत गेले तेव्हा काय केलं, हे आजी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. परत विचारलं असतं तर तिने परत सांगितलंही असतं, पण मध्येच जी गप्प झाली होती, तशी ती पुन्हा झाली नसती. एपिसोड त्या शांततेवर उभा होता. रविवारी रात्री 11:52 ला रीपर बंद पडलं. तिने हाताने शेवटचं सेव्ह केलं होतं 9:40 ला.

तिने पहिलं काम केलं ते म्हणजे रीपर उघडलंच नाही. प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर तिने पेन ड्राइव्हवर कॉपी केला. पुढे काहीही बिघडलं तरी परत येण्यासाठी एक ठिकाण तयार झालं. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते ती एकच सक्तीची आहे.

कारण कंटाळा करून थेट उघडलं असतं तर काय झालं असतं? रीपरने 9:40 ची फाइल दाखवली असती. तिने सवयीने सेव्ह केलं असतं. सेव्ह करताना रीपर आधीच्या फाइलला .rpp-bak असं नाव देऊन बाजूला ठेवतं, म्हणजे त्या जागी आधी असलेली बॅकअपची प्रत जाते. दोनदा सेव्ह दाबलं की मूळ आणि बॅकअप दोन्ही एकसारखे. भीतीपोटी दाबलेलं सेव्हच मागे जायचा रस्ता बुजवतं.

तिच्या फोल्डरमध्ये मात्र आणखी काही होतं. दर पाच मिनिटांनी तारीख-वेळेसह वेगळी प्रत ठेवायची सेटिंग तिने आधीच केली होती. त्यामुळे khanaval-2025-01-19_2345.rpp-bak आणि त्यानंतरची 2350 ची अशा फाइल्सची रांगच होती. म्हणजे हिशोबाने फक्त दोन मिनिटांचं काम गेलं होतं.

तिने 2350 ची प्रत उघडली आणि रीपर पुन्हा कोसळलं! इथे बरेच जण बॅकअपही खराब आहे असं समजून हात टेकतात. ते खरं आहे का, हे नोटपॅडमध्ये कळतं. धड असलेली फाइल <REAPER_PROJECT या शब्दाने सुरू होते आणि शेवटच्या ओळीत एकटं > असतं. मध्येच तुटली असेल तर तो शेवट नसतो. लाइट गेल्यामुळे पीसी बंद पडला असेल तर कधी कधी फाइलचा आकार बरोबर दिसतो, पण आत नुसती रिकामी जागा असते. तशी प्रत सोडून द्यायची आणि तिच्या आधीची घ्यायची.

हिची फाइल धड होती. म्हणजे दोष यादीत नव्हता, यादीने बोलावलेल्या कशात तरी होता. क्रॅशच्या थोडंच आधी तिने पंख्याचा आवाज कमी करायला एक फुकटचा प्लगइन लावला होता. प्रोजेक्ट उघडलं की प्लगइन सुरू होणार आणि पुन्हा तेच होणार. यासाठी रीपरच्या फाइल उघडायच्या खिडकीतच 'Open with FX offline (recovery mode)' असा पर्याय आहे. त्यावर टिक करून उघडलं की सगळे इफेक्ट्स बंद राहतात. आवाज कोरडा, खरखरीत वाटतो, पण घाबरायचं नाही. सगळे कट जागेवर असतात.

उघडल्याबरोबर तिने 'Save As' करून त्याच फोल्डरमध्ये नवीन नावाने प्रोजेक्ट ठेवलं. त्याच फोल्डरमध्ये ठेवणं महत्त्वाचं, कारण यादीतले पत्ते बहुधा त्या फोल्डरपासून मोजलेले असतात. मग एकेक इफेक्ट सुरू करून बघितला. चौथ्याला रीपर कोसळलं आणि गुन्हेगार सापडला. तो काढून टाकला.

तरीही एक तुकडा मुका राहिला. मैत्रिणीने पाठवलेली संगीताची क्लिप तिने थेट Downloads मधून ओढून आणली होती आणि मध्यंतरी तो फोल्डर साफ झाला होता. सेशन फक्त पत्ता लक्षात ठेवतं, त्या पत्त्यावर कुणी राहतंय का हे त्याच्या हातात नाही. क्लिप फोनमध्ये होती म्हणून मिळाली. 'Save As' च्या खिडकीत सगळं मीडिया प्रोजेक्ट फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय असतो. तो पहिल्याच दिवशी वापरला असता तर हा प्रश्न आला नसता.

रेकॉर्डिंग चालू असतानाच क्रॅश झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा WAV फाइलच्या सुरुवातीला असलेली लांबीची नोंद अर्धवट राहू शकते आणि प्लेअर शून्य सेकंद दाखवतो. अशा वेळी फाइलचा आकार बघा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतं. चाळीस मिनिटांचे जवळपास 345 एमबी दिसत असतील तर आवाज आत आहे. ऑडॅसिटीत File, Import, Raw Data असं जाऊन तेच आकडे भरले की तो बाहेर येतो. सुरुवातीला एक टिक ऐकू येईल, ती कापून टाका. नुसता खरखराट आला तर बिट किंवा सुरुवातीचा ऑफसेट चुकलाय, आवाज चिपळूणच्या गाडीसारखा संथ किंवा भलताच पळणारा आला तर किलोहर्ट्झ चुकलेत.

ऑडॅसिटीतच एडिट करणाऱ्यांसाठी नियम थोडा बदलतो. तिथे आवाज आणि यादी दोन्ही एकाच .aup3 फाइलमध्ये असतात. क्रॅशनंतर बाजूला -wal शेवट असलेली फाइल दिसली तर ती कचरा समजून उडवू नका. तिच्यात मुख्य फाइलमध्ये अजून न उतरलेलं काम असू शकतं, म्हणून कॉपी करताना दोन्ही बरोबर घ्या. परत उघडल्यावर रिकव्हरीची खिडकी येते. त्यात 'Discard Selected' हे बटण घाईत दाबलं की खेळ संपला. खात्री नसेल तर 'Skip' करा.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अरे, माझं ऑटोसेव्ह चालू आहे!" मला हे उत्तर अपुरं वाटतं. एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिणारं ऑटोसेव्ह तुमची चूकही तितक्याच निष्ठेने जपतं. 11:30 ला नकळत एक ट्रॅक उडाला आणि 11:35 ला तेच सेव्ह झालं, तर मागे जायला काय उरलं? क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरचंही तेच. तो बिघडलेली फाइलही आज्ञाधारकपणे वर चढवतो. वेळेचा शिक्का असलेल्या अनेक प्रती असतील तरच त्याला बॅकअप म्हणावं.

या प्रतींनाही मर्यादा आहेत. त्या आवाज साठवत नाहीत. जागा कमी पडली म्हणून 'Clean current project directory' चालवलं, तर आत्ताच्या सेशनला न लागणाऱ्या WAV फाइल्स उडू शकतात, ज्या कालच्या बॅकअपला हव्या असतात. मग बॅकअप उघडेल, पण वाजणार नाही. म्हणून साफसफाई एपिसोड जमा केल्यानंतरच, आणि मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवूनच.

आता मुद्दा कॉलेजांचा. मीडिया लॅबमध्ये माइक कसा धरायचा ते शिकवतात, ही सेटिंग मात्र ज्याची त्याने शोधायची असते. रीपरमध्ये कंट्रोल-पी दाबून Project च्या पानावर प्रोजेक्ट फोल्डरमध्ये timestamped प्रत ठेवायचा पर्याय निवडायचा आणि पाच मिनिटं भरायची, एवढंच काम आहे. लॅबच्या प्रत्येक मशीनवर ते एकदा करून ठेवावं आणि प्रोजेक्टला नाव दिल्याशिवाय कुणी रेकॉर्ड करू नये, असा नियम भिंतीवर लावावा. सबमिशनला फक्त तयार MP3 न मागता सेशनचा फोल्डरही मागावा. तो दुसऱ्या मशीनवर उघडून वाजला, तरच ते काम पूर्ण झालं असं धरावं. असं झालं तर Downloads मध्ये राहिलेली क्लिप क्रॅशच्या रात्री नाही, सरांसमोर दिवसाढवळ्या सापडेल.